खराडीतला टू बीएचके भाड्याने द्यायला घेतोय, एजंट म्हणतो साडेचार टक्के, माझे पावणेचारच येतायत. कोणाचं बरोबर?

ओंकार_पुणे
नमस्कार मंडळी. खराडीत एक रीसेल टू बीएचके बघतोय, राहायला नाही, भाड्याने द्यायलाच. मोठं कॉम्प्लेक्स आहे, नऊ वर्षं जुनं, कार्पेट 720, स्विमिंग पूल, क्लबहाऊस वगैरे सगळं. मालक 85 लाख सांगतोय. एजंट म्हणाला 32 हजार भाडं सहज येईल, वर्षाचे झाले 3,84,000, म्हणजे साडेचार टक्के यील्ड. घरी येऊन मी मेंटेनन्स (महिना 4,500) आणि मालकाने दाखवलेलं मिळकत कराचं बिल (वर्षाला 14,400) वजा केलं तर 3.7 टक्के आले. मेव्हणा म्हणतो यील्ड नको बघू, कॅप रेट बघ. कॅप रेटमध्ये लोनचा हप्ता धरायचा का? आणि घर रिकामं राहील ते कसं धरायचं? साधारण 60 लाखांचं लोन घ्यायचा विचार आहे. ज्यांनी खरोखर भाड्याने दिलाय त्यांनी आकड्यांत सांगा प्लीज.

गणिती_राजा
हप्ता धरायचाच, खिशातून जातो ना तो! 60 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं, म्हणजे हप्ता 52 हजार. भाडं 32. दर महिन्याला 20 हजार खिशातून. म्हणजे तुमचा कॅप रेट मायनसमध्ये आहे, विषय संपला.

मृणाल_क
रिकामं करण्याबद्दल विचारलंय म्हणून लिहिते, माझा भाडेकरू करार संपून दोन महिने झाले तरी घर रिकामं करत नाहीये, म्हणतो मुलाच्या परीक्षा झाल्या की जाईन. तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव आलाय का, काय केलंत?

सुखदा
मृणाल, ओंकार वेगळं रिकामं म्हणतायत, भाडेकरू नसतानाचे महिने. पण तुझ्यासाठी थोडक्यात, करार रजिस्टर केलेला असेल तर घाबरू नकोस. मुदत संपल्यावर ताबा मिळवण्यासाठी भाडे नियंत्रण कायद्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळाचं दुप्पट भाडंही मागता येतं. एक लेखी नोटीस दे, बहुतेक वेळा तेवढ्यावर हलतात. बाकी वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर लिहिते.

ओंकार, मी आमच्या सोसायटीची सहा वर्षं खजिनदार आहे, तेव्हा दोन गोष्टी लगेच खटकल्या. पहिली, 14,400 चं बिल. मालक स्वतः तिथे राहतोय का? राहत असेल तर ते बिल 40 टक्के सवलतीचं आहे. पुणे मनपा स्वतः राहणाऱ्याला ही सवलत देते, भाड्याने दिलं की ती जाते. तेच बिल तुम्हाला साधारण 24,000 चं येईल. नवीन मिळकतींना मध्ये 2019 पासून ही सवलत बंद होती, 2023 मध्ये परत आली, त्यासाठी पीटी-3 फॉर्म भरून द्यावा लागत होता. त्यामुळे काही जण भाड्याने देऊनही सवलतीचंच बिल भरत बसलेत. उद्या मनपाच्या लक्षात आलं तर फरक मागच्या तारखेपासून वसूल होतो, तेव्हा हिशोबात 24 च धरा.

दुसरी, 32 हजार हे भाडं मेंटेनन्ससकट आहे की मेंटेनन्स वेगळा? एजंटला फोन करून आत्ताच विचारा. आपल्याकडे जाहिरातीत दोन्ही प्रकार चालतात आणि फरक वर्षाला 54 हजारांचा आहे.

ओंकार_पुणे
विचारलं. मेंटेनन्ससकटच. आणि हो, मालक स्वतः राहतो. शिवाय गेटवरच्या वॉचमनशी बोललो, त्याच्या मते तसाच फ्लॅट दोन महिन्यांपूर्वी 30 ला गेलाय. 32 फर्निश्डला मिळतात म्हणे.

सातारकर
अहो एवढं कशाला चिरफाड करताय. मी 2009 ला धनकवडीत 22 लाखांना घेतला, आज 22 हजार भाडं येतंय. 2,64,000 भागिले 22 लाख, बारा टक्के! कुठली बँक देते सांगा. घ्या आणि विसरून जा, पंधरा वर्षांनी मला आठवाल.

मूल्यांकन_काका
मी बत्तीस वर्षं मिळकतींचं मूल्यांकन केलं, आता निवृत्त आहे. जरा सावकाश लिहितो, कारण वरती तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्यात आणि तिन्हीला एकच नाव दिलंय.

गणिती_राजा, तुम्ही काढलेला आकडा खोटा नाही, पण तो ओंकारच्या खिशाचा आहे, फ्लॅटचा नाही. उद्या तोच फ्लॅट कोणी रोख पैसे देऊन घेतला तर फ्लॅटची कमाई बदलते का? भाडेकरू तोच, मेंटेनन्स तोच. म्हणून कॅप रेटमध्ये हप्ता नसतो आणि आयकरही नसतो, कारण दोन्ही मालकागणिक बदलतात. वर्षभरात प्रत्यक्ष हातात पडलेलं भाडं घ्यायचं, त्यातून मिळकत चालवण्याचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याला आजच्या बाजारभावाने भागायचं. बास.

सातारकर, तुमचे बारा टक्के हे 2009 च्या किमतीवरचे आहेत. तुमच्या फ्लॅटचे आज 75 लाख येत असतील तर तुमचे 75 लाख तिथे गुंतलेत, 22 नाही. 75 वर तुमचं ढोबळ भाडं साडेतीन टक्के होतं, खर्च जायचाच आहे अजून. तुम्ही 2009 ला चांगला निर्णय घेतलात हे खरं, पण ओंकारला 2009 च्या भावात कोण देणार?

आता ओंकारचा फ्लॅट. भाडं 30,000 धरतो, वॉचमनचा आकडा एजंटच्या आकड्यापेक्षा मला नेहमी जवळचा वाटत आलाय. वर्षाचे 3,60,000. रिकाम्या महिन्यांबद्दल लोक ‘पाच टक्के धरा’ म्हणतात, मी तसं न करता एका भाडेकरूचं पूर्ण चक्र डोळ्यांसमोर आणतो. आयटीतलं जोडपं येतं, अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार राहतं, बदली होते किंवा स्वतःचं घर घेतात. मग पंधरा दिवस रंगकाम, नंतर लोक बघायला येणार, पसंत पडणार, पण राहायला येणार एक तारखेपासून. बावीस महिने भाडं, दोन महिने रिकामं. म्हणजे वर्षाला एक महिना. 30,000 गेले, उरले 3,30,000.

खर्च: मेंटेनन्स 54,000. मिळकत कर 24,000. प्रत्येक नव्या भाडेकरूला एजंटला एक महिन्याचं भाडं, दोन वर्षांत एकदा, म्हणून वर्षाचे 15,000. रंग, गीझर, नळ, चिमणी, एखादं दार फुगलेलं, मिळून वर्षाला 18,000. आणि मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते नॉन ऑक्युपन्सी शुल्क, ते सुखदाताई नीट सांगतील, मी 4,200 धरलंय. एकूण 1,15,200. हाती राहिले 2,14,800.

85 लाखांवर हे अडीच टक्के होतात. एजंटचे साडेचार होते.

सुखदा
काकांनी नॉन ऑक्युपन्सी बरोबर धरलंय. ते सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, सरकारचा 2001 चा आदेश आहे. मनपाचे कर, सिंकिंग फंड वगैरे त्यात मोजायचे नाहीत. साडेचार हजारांत साडेतीन हजार सर्व्हिस चार्जेस असतील तर महिना 350. काही सोसायट्या ‘भाडेकरू शुल्क’ म्हणून दोन-दोन हजार लावतात, ते चालत नाही. घेण्याआधी सोसायटीच्या बिलाची प्रत मागा, त्यात वेगवेगळ्या ओळी असतात.

पाऊलवाट
बापरे, अडीच टक्के?? मग एफडीच बरी की. सात टक्के मिळतात, रंग नको, गीझर नको, रात्री अकराला ‘काका पाणी येत नाहीये’ असा फोन नको.

सातारकर
काका, मान आहे तुम्हाला, पण 75 लाख गुंतलेत हे मला पटत नाही. मी विकायला गेलो तर 75 हातात येणार का? एजंट घेणार, कॅपिटल गेन टॅक्स जाणार, सोसायटी ट्रान्सफरचे घेणार. हातात येणार 67-68. मग 68 ने भागा की.

मूल्यांकन_काका
सातारकर, हा मुद्दा बरोबर आहे तुमचा. ‘ठेवू की विकू’ हा प्रश्न असेल तर विकून हातात काय येईल त्याने भागायला हवं. दोन फ्लॅटची तुलना करायची असेल तर बाजारभावाने. आणि घेणाऱ्याने स्वतःसाठी अजून एक भागाकार करावा, पूर्ण घातलेल्या पैशावर. ओंकारला 85 लाखांवर 7 टक्के मुद्रांक शुल्क 5,95,000, नोंदणी 30,000, एजंटचा एक टक्का 85,000 आणि पंखे, ट्रॉली, पडदे, जाळ्या मिळून 1,90,000 असं धरलं तर बरोबर 94 लाख जातात. त्यावर 2,14,800 म्हणजे 2.3 टक्के.

एफडीची तुलना मात्र मी थेट करणार नाही. एफडीचं मुद्दल वाढत नाही, भाडं आणि भाव वाढू शकतात. बाजारात लोक अडीच टक्क्यांवर समाधान मानतात ते भाववाढीच्या आशेवरच. त्यामुळे पुण्यातला कॅप रेट एफडीशेजारी ठेवण्यापेक्षा त्याच भागातल्या दुसऱ्या फ्लॅटशेजारी ठेवला की तो जास्त बोलतो.

उपनगरी
भाववाढीच्या आशेवर जगू नका एवढंच सांगते. आम्ही 2014 ला वाघोलीच्या बाजूला घेतला. 2020 पर्यंत भाव अक्षरशः हलला नाही, बिल्डर त्याच भावात नवीन फ्लॅट देत होता मग आमचा जुना कोण घेणार. भाडं 11 हजार, त्यात उन्हाळ्यात टँकर. सहा वर्षं आम्ही फक्त हप्ता भरला. आता वाढलाय हे खरं पण मधली सहा वर्षं परत येत नाहीत. नवीन बांधकाम आसपास किती चालू आहे ते बघा आधी, मोकळ्या जमिनी दिसत असतील तर तुमच्या भाड्यालाही स्पर्धा आहे.

गणिती_राजा
ओके काका, हप्ता कॅप रेटमध्ये नाही, मान्य. पण मग ओंकारने हप्त्याचं करायचं काय? पहिल्या वर्षी 60 लाखांवर व्याजच पाच लाखांच्या आसपास जातंय आणि फ्लॅट कमावतोय सव्वादोन लाख. हे लपवून कसं चालेल?

मूल्यांकन_काका
लपवायचं अजिबात नाही, वेगळ्या कागदावर लिहायचं. आणि तिथे तुमचं म्हणणं पूर्ण खरं आहे. अडीच टक्के देणारी वस्तू साडेआठ टक्क्यांच्या पैशाने घेतली तर प्रत्येक उसन्या लाखावर वर्षाला सहा हजारांचा खड्डा पडतो. कर्ज जितकं जास्त तितकी भाववाढीवरची भिस्त जास्त. 60 ऐवजी 25 लाखांचं कर्ज असेल तर मधली वाईट वर्षं सोसता येतात.

जर्सीकर
मी न्यू जर्सीत असतो, इथे कॅप रेट हा शब्द रोज कानावर पडतो. इथे प्रॉपर्टी टॅक्सच घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे ओंकारच्या फ्लॅटची बहुतेक कमाई इथे फक्त टॅक्समध्ये गेली असती. त्या मानाने आपल्याकडे मिळकत कर काहीच नाही, मेंटेनन्स मात्र खातो.

माझा स्वतःचा अनुभव: औंधला एक फ्लॅट आहे, मालक एनआरआय असल्याने भाडेकरूला दर महिन्याला 31.2 टक्के टीडीएस कापून भरावा लागतो, भाडं कितीही कमी असलं तरी. त्यासाठी त्याने टॅन नंबर काढायचा, रिटर्न भरायचं. हे ऐकलं की चांगली चांगली कुटुंबं पळून जातात. माझा फ्लॅट मागच्या वेळी साडेतीन महिने रिकामा होता, शेवटी एका कंपनीला दिला कारण त्यांच्याकडे टॅन असतोच. कोणी एनआरआय हा धागा वाचत असेल तर रिकामे महिने एकाऐवजी दोन धरा.

सीए_वर्षा
टॅक्सचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कॅप रेटच्या बाहेरचं आहे पण ओंकारला लागेल. आयकर खातं तुमचा मेंटेनन्स, रंग, एजंट हे काहीच बघत नाही. मिळालेल्या भाड्यातून त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मिळकत कर वजा, आणि उरलेल्याच्या 30 टक्के सरसकट वजावट. घर खरंच रिकामं राहिलं तर त्या महिन्यांच्या भाड्यावर टॅक्स नाही. म्हणजे 3,30,000 वजा 24,000, त्याचे 70 टक्के, 2,14,200. गंमत बघा, काकांच्या निव्वळ आकड्याच्या जवळजवळ तेवढाच आला. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट 66,830 टॅक्स. हातात 1,47,970, म्हणजे 94 लाखांवर दीड टक्क्याच्या किंचित वर.

हे कर्ज नसताना. कर्ज असेल तर व्याज भाड्यातून वजा होतं, टॅक्स शून्यावर येईल. पण नवीन रिजीममध्ये उरलेला तोटा पगारातून वजा होत नाही, जुन्यात दोन लाखांपर्यंत होतो. ‘लोन घेतलं की टॅक्स वाचतो’ एवढ्यावर घेऊ नका.

पाऊलवाट
दीड टक्का. मी उठून पाणी पिऊन आलो. सेव्हिंग अकाऊंट जास्त देतं हो काही बँकांत.

सातारकर
आणि डिपॉझिट? लाखभर डिपॉझिट बिनव्याजी वापरायला मिळतं, ते एफडीत टाकलं तर सहा-सात हजार. ते कोणी धरलंच नाही.

मूल्यांकन_काका
धरा, हरकत नाही, 0.08 टक्क्याने वाढेल. मी धरत नाही कारण माझ्या पाहण्यात बहुतेक मालक ते पैसे खर्चून बसतात आणि भाडेकरू निघाला की धावपळ होते.

ओंकार_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगत नाही. काकांनी ‘शेजारचा फ्लॅट ठेवून बघ’ म्हटलं म्हणून चंदननगरच्या बाजूला एक दुसरा बघून आलो. बावीस वर्षं जुनी, चार मजल्यांची इमारत, बारा फ्लॅट, लिफ्ट आहे, बाकी काही नाही. पूल नाही, क्लब नाही. 62 लाख सांगतायत, भाडं 24 हजार, मेंटेनन्स फक्त 1,800. काकांच्याच पद्धतीने केलं. रिकामा एक महिना धरून 2,64,000. मेंटेनन्स 21,600, नॉन ऑक्युपन्सी 1,800, कर सवलत नसलेला 15,000, एजंट 12,000, दुरुस्ती जुनं घर म्हणून जास्त, 24,000. एकूण 74,400. राहिले 1,89,600, म्हणजे 3.06 टक्के. स्वस्त आणि जास्त कमाई. काय चुकतंय का माझं?

सुखदा
चुकत नाहीये, अपुरं आहे. बारा फ्लॅटच्या सोसायटीत 1,800 मेंटेनन्स म्हणजे ते सिंकिंग फंड जमवत नसणार. उपविधीप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या पाव टक्का सिंकिंग फंड आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधी जमायला हवा. तुम्ही त्यांचा शेवटचा ऑडिट रिपोर्ट मागा आणि फक्त एक ओळ बघा, बँकेत फंडाची एफडी किती. तिथे दोन-तीन लाखच असतील तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि लिफ्ट बदलणं हे तुमच्या डोक्यावर बसलंय असं समजा. आमच्या शेजारच्या इमारतीत असंच झालं, प्रत्येकी दीड लाख एका पत्रात मागितले. भाडेकरूकडून तर ते घेता येत नाहीत. दहा वर्षांत पसरवले तरी वर्षाचे 15,000, मग तुमचे 3.06 होतात 2.8.

तरीही मोठ्या कॉम्प्लेक्सपेक्षा जास्तच आहे हे लक्षात घ्या. पूल आणि क्लबहाऊसचा मेंटेनन्स दर महिन्याला तुम्ही भरता आणि भाडेकरू त्यासाठी जादा देतोच असं नाही. आमच्याकडे 180 फ्लॅट आहेत, पूल वापरणारी घरं मी मोजली होती, चौदा.

उपनगरी
पण मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये भाडेकरू लवकर मिळतो ना? सिक्युरिटी, पार्किंग, लहान मुलांना खेळायला जागा. आमच्या बहिणीचा अशा जुन्या इमारतीतला फ्लॅट तीन-तीन महिने रिकामा राहतो. सुखदाताई, मला नाही वाटत हे एवढं सरळ आहे.

सुखदा
बरोबर आहे उपनगरी. जुन्यात दोन महिने रिकामा धरला तर आणखी 24,000 जातात, मग तो सुद्धा अडीचच्या खाली येतो. म्हणजे सगळा फरक त्या एका महिन्यात आहे. हे आकडेमोड करून कळणार नाही, ओंकारने त्या इमारतीतल्या दोन भाडेकरूंना विचारावं, तुमच्या आधी घर किती दिवस बंद होतं.

जर्सीकर
आणि बावीस वर्षं जुनी, बारा फ्लॅट, म्हणजे पुढेमागे रीडेव्हलपमेंट? त्याची किंमत कॅप रेटमध्ये कशी धरणार काका?

मूल्यांकन_काका
मी धरत नाही. जागेवर किती एफएसआय शिल्लक आहे, कन्व्हेयन्स होऊन जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का, रस्ता किती रुंद आहे, बारा जणांचं एकमत होतं का, यावर ते आहे आणि काम सुरू असताना तीन वर्षं भाडेकरू ठेवता येत नाही. कन्व्हेयन्स झालेलं नसेल तर विषय फार लांबचा. यावर माझ्याच व्यवसायातले लोक माझ्याशी भांडतात, त्यामुळे हे माझं मत समजा.

ओंकार_पुणे
तीन आठवड्यांनी परत आलो. सांगितलेलं सगळं केलं.

चंदननगरला दोघांना विचारलं. एकाच्या आधी घर पंधरा दिवस बंद होतं, दुसऱ्याच्या आधी चार महिने, पण त्या मालकाला फक्त कुटुंबच हवं होतं. फंडाची एफडी 4 लाख 10 हजार. कन्व्हेयन्स नाही झालेलं.

खराडीच्या सोसायटीच्या मागच्या सभेचं इतिवृत्त बघायला मिळालं, त्यात टँकरच्या खर्चामुळे एप्रिलपासून मेंटेनन्स 4,500 चा 5,300 करायचा ठराव आहे. एजंटने आणि मालकाने दोघांनीही हे सांगितलं नव्हतं. वर्षाला 9,600 अजून गेले, म्हणजे 2,05,200, 85 लाखांवर 2.4 टक्के. नोंदणी झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू उतारे काढले तर त्याच कॉम्प्लेक्समधला तसाच फ्लॅट अलीकडे 80 ला नोंदलेला दिसला, म्हणजे 85 हा बाजारभाव नव्हताच, सांगायचा भाव होता. मी 77 ची ऑफर दिली आहे, तिथे 2.7 टक्के बसतात, आणि कर्ज 60 वरून 30 वर आणलंय. मालक 81 च्या खाली यायला तयार नाही. बायको म्हणते चंदननगर बघ, आई म्हणते दोन्ही सोड. शनिवारी मालकाला परत भेटतोय, सभेचा ठराव छापून नेणार आहे.

सातारकर
81 ला देत असेल तर घेऊन टाका हो.

सुखदा
ठरावासोबत मिळकत कराची पावतीही न्या. थकबाकी असेल तर ती घर घेणाऱ्याच्या गळ्यात येते, आणि मागची पाणीपट्टी, सोसायटीची नो ड्यूज, दोन्ही टोकन देण्याआधी.